जाहिरात डिलीट केली, तरी गुगलवर नंबर दिसतोय? असा काढा

म्हैस विकायची म्हणून ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर जाहिरात टाकली. म्हैस आठ दिवसांत विकली गेली आणि जाहिरातही डिलीट केली. पण महिना झाला तरी अनोळखी लोकांचे फोन येतच आहेत. गुगलवर स्वतःचा मोबाईल नंबर टाकून पाहिलं, तर जुन्या जाहिरातीचं नाव आणि खाली दोन ओळींत नाव, गाव, नंबर सगळं जसंच्या तसं. लिंकवर बोट ठेवलं की मात्र ‘पेज सापडले नाही’ असं येतं. जाहिरातच नाही, मग नंबर दिसतो कुठून?

डिलीट करूनही का दिसतं?

गुगलवर काही शोधलं की गुगल त्या क्षणी सगळ्या साइट धुंडाळत नाही. त्याचे रोबोट आधीच साइटवर फिरून प्रत्येक पानाचं नाव आणि मजकूर स्वतःच्या यादीत उतरवून ठेवतात. आपल्याला निकालात दिसतात त्या ओळी या यादीतल्या असतात. तलाठी कार्यालयातून काढून आणलेल्या जुन्या उताऱ्यासारखंच हे. तिकडे नोंद बदलली, तरी आपल्या हातातला कागद जुनाच राहतो.

साइटवरची जाहिरात डिलीट केल्याची खबर गुगलला आपोआप लागेलच असं नाही. रोबोट त्या पानावर पुन्हा आला आणि पान नाही हे त्याला कळलं, की निकाल गळून पडतो. मोठ्या बातम्यांच्या पानांवर रोबोट दिवसातून अनेकदा येतो. जुन्या, कुणी न उघडणाऱ्या जाहिरातीकडे तो कित्येक आठवडे फिरकत नाही. तेवढा काळ नंबर तसाच दिसत राहतो.

पूर्वी गुगलच्या निकालाशेजारी ‘Cached’ नावाची लिंक असायची आणि तिथून डिलीट झालेलं अख्खं पान वाचता यायचं. गुगलने 2024 मध्ये ती सोय बंद केली. त्यामुळे जुन्या व्हिडिओत ‘Cached वर क्लिक करा’ असं सांगितलं असेल, तर ती लिंक आता सापडणार नाही. निकालाखालच्या दोन ओळी मात्र अजूनही जुन्या राहू शकतात.

आधी एक खात्री करा

जाहिरात खरंच गेली आहे का, हे पाहताना स्वतःच्या लॉगिनमधून पाहू नका. लॉगिनमध्ये आपल्याला दिसतं ते आणि लोकांना दिसतं ते वेगळं असू शकतं. क्रोममध्ये वरचे तीन ठिपके दाबून ‘New Incognito tab’ उघडा आणि लिंक तिथे टाका. जाहिरात उघडली, तर आधी साइटवरूनच ती काढावी लागेल. पान जिवंत असताना पुढचा अर्ज मंजूर होत नाही.

अर्ज कसा करायचा?

यासाठी गुगलचं मोफत साधन आहे. त्याचं नाव ‘Refresh Outdated Content’. साइट आपल्या मालकीची नसली तरी कुणालाही ते वापरता येतं, फक्त गुगल खातं लागतं. पत्ता असा:

```
https://search.google.com/search-console/remove-outdated-content
```

1. गुगलवर आपला नंबर शोधा. जुन्या निकालाच्या नावावर बोट दाबून धरा आणि लिंक कॉपी करा.
2. वरचा पत्ता उघडून लॉगिन करा आणि ‘New request’ दाबा.
3. ‘Page’ निवडून कॉपी केलेली लिंक पेस्ट करा. म्हशीचा फोटो दिसत असेल, तर त्याचा अर्ज ‘Image’ मधून वेगळा करायचा.
4. पान गेलेलं आहे हे गुगलला पटलं, की अर्ज पाठवता येतो.

अर्ज यादीत ‘Pending’ म्हणून दिसतो. ‘Approved’ आलं की निकाल जातो. ‘Denied’ आलं, तर अर्ज नाकारला.

अडतं ते इथे

म्हशीच्या जाहिरातीचंच उदाहरण घ्या. काही साइट जाहिरात काढल्यावर पान पूर्ण बंद करत नाहीत. ‘ही जाहिरात आता उपलब्ध नाही’ असं लिहून खाली दुसऱ्यांच्या म्हशींच्या जाहिराती दाखवतात. माणसाला पान गेलेलं दिसतं, पण गुगलच्या लेखी ते अजून सुरू असतं.

अशा वेळी साधन एक शब्द विचारतं. तो जुन्या पानावर होता, पण आताच्या पानावर कुठेही नाही, असा हवा. इथे ‘मुऱ्हा’ लिहिलं तर अर्ज नाकारला जाण्याची शक्यता जास्त, कारण खालच्या इतर जाहिरातींत ‘मुऱ्हा’ असतोच. त्याऐवजी फक्त आपल्याच जाहिरातीत होता असा शब्द द्या, उदाहरणार्थ आडनाव. पूर्ण वाक्य लिहू नका, एकच शब्द पुरतो. देण्याआधी ते पान वरपासून खालपर्यंत पाहून शब्द खरंच नाही ना, हे तपासा.

हा अर्ज मंजूर झाला तर निकालाखालच्या जुन्या ओळी जातात. नुसती लिंक काही दिवस राहू शकते, पण नंबर दिसत नाही.

दुसरी अडचण म्हणजे एकाच जाहिरातीच्या दोन-तीन लिंका असतात, मोबाईलची वेगळी, कॉम्प्युटरची वेगळी. एक काढली तरी दुसरी दिसते. म्हणून नंबर अवतरण चिन्हांत टाकून शोधा, म्हणजे `"98XXXXXXXX"` असा, आणि जितक्या लिंका येतील तितके वेगळे अर्ज करा. एकदा स्पेस न देता आणि एकदा मध्ये स्पेस देऊन शोधा.

या साधनाने काय होत नाही?

हा अर्ज फक्त गुगलपुरता आहे. बिंगसाठी त्यांच्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो. दुसऱ्या एखाद्या साइटने जाहिरात उचलून स्वतःकडे टाकली असेल, तर ते पान जिवंत आहे. ते काढायला त्या साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं लागेल. लोकांनी टाकलेला मजकूर ठेवणाऱ्या साइटना माहिती तंत्रज्ञान नियम 2021 नुसार या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. साइटने दाद दिली नाही, तर फोन नंबर, घरचा पत्ता, बँक खाते क्रमांक अशा खाजगी माहितीसाठी गुगलचा वेगळा फॉर्म आहे. त्याने निकाल गुगलवरून जाऊ शकतो, पण मूळ पान तसंच राहतं. व्हॉट्सअॅपवर फिरणारा स्क्रीनशॉट तर यातल्या कशानेच परत येत नाही.

पैसे देऊ नका

‘गुगलवरून नंबर काढून देतो’ म्हणून पैसे मागणारे भेटतात. वरचे सगळे अर्ज फुकट आहेत आणि त्यासाठी कुणालाही ओटीपी किंवा जीमेलचा पासवर्ड द्यावा लागत नाही. गुगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधून फोन लावू नका, तिथे भामट्यांचे नंबर असू शकतात. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा.

पुढच्या वेळी जाहिरात टाकताना साइटवर चॅटची सोय असेल, तर नंबर वर्णनात लिहू नका. काम झाल्यावर जाहिरात डिलीट करण्याआधी तिची लिंक कॉपी करून ठेवा, अर्ज करताना तीच लागते.