रंगाआडचा अंतिम बिंदू
फळांच्या रसातील क जीवनसत्त्वाच्या आयोडीन मापनाची प्रस्तावना

दादर स्टेशनबाहेरच्या रसवाल्याकडून डाळिंब-मोसंबीचा एक ग्लास आणा आणि त्यात क जीवनसत्त्व किती आहे ते मोजा, असे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सांगितले, तर बहुतेक वेळा तो चटकन तयार होतो. बारावीत त्याने टायट्रेशन केलेले असते. इथे ब्युरेटमधून आयोडीन सोडायचे, स्टार्च निळा झाला की थांबायचे. नुसत्या मोसंबीच्या रसावर हे जमतेही. डाळिंब आले की निळा रंग तांबड्यात बुडतो आणि थांबायचे कुठे हेच कळेनासे होते. ही पुस्तिका त्या विद्यार्थ्यासाठी आणि त्याच्या शिक्षकासाठी आहे. गिरगावपासून परळपर्यंतच्या कुठल्याही कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळेल तेवढ्याच साहित्यावर ती उभी आहे.

आधी मूळ क्रिया पाहू. अॅस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, आयोडीनला लगेच इलेक्ट्रॉन देते. आयोडीनचे आयोडाइड होते आणि आम्लाचे डिहायड्रोअॅस्कॉर्बिक आम्ल होते. एका रेणूला एक रेणू असा हा सरळ हिशेब आहे. जोवर जीवनसत्त्व शिल्लक आहे, तोवर पडणारा प्रत्येक थेंब नाहीसा होतो. ते संपले की पुढच्या थेंबातले आयोडीन मोकळे राहते आणि स्टार्चला निळेकाळे करते. अॅस्कॉर्बिक आम्लाचा रेणुभार 176 आहे, म्हणून 0.005 मोलर आयोडीनचा एक मिलिलिटर 0.88 मिलिग्रॅम जीवनसत्त्वाला पुरतो. आल्बर्ट सेंट-जॉर्जी यांनी 1928 मध्ये हा पदार्थ वेगळा काढला, त्याच्या पुढच्या दशकभरात तो मोजण्याच्या बहुतेक रीती त्याच्या या इलेक्ट्रॉन देण्याच्या स्वभावावरच बेतल्या गेल्या.

आपल्या शहरात या मोजणीला जुना वारसा आहे. 1947 नंतर मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कमला सोहोनी यांनी जीवरसायनशास्त्राचे काम उभे केले. तिथे नीरा आणि ताडगूळ यांतल्या पोषक घटकांचा अभ्यास झाला, त्यात क जीवनसत्त्वही होते. नीरा जवळजवळ बिनरंगी असते. तिथली अडचण वेगळीच: नीरा आंबण्याच्या आत मोजणी उरकायची. डाळिंब, जांभूळ आणि कोकम यांच्यात घाई कमी, पण डोळ्याला फसवणारा रंग आहे.

या पुस्तिकेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल. रंगीत रसापुढे बसलेल्या माणसासमोर दोन वेगळे प्रश्न असतात आणि तो ते एकच समजतो. पहिला प्रश्न, अंतिम बिंदू मला दिसतो आहे का? दुसरा प्रश्न, या आयोडीनने जे खाल्ले ते क जीवनसत्त्वच आहे का? पहिला प्रश्न डोळ्याचा आहे, दुसरा रसाचा. पहिल्याचे उत्तर रसावर प्रयोग करून शोधायला गेलात तर दुसरा बिघडतो.

याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे कोळसा. रंग घालवायचा म्हटले की सक्रिय कोळशाची पूड टाकून गाळून घ्यावे, असे कुणालाही सुचते. रस बिनरंगी होतो, स्टार्चचा निळा लख्ख दिसतो, आणि आकडा शून्याजवळ येतो. कारण कोळशाच्या पृष्ठभागावर अॅस्कॉर्बिक आम्लाचे ऑक्सिडीकरण होते. रो आणि क्यूथर यांनी 1943 मध्ये मांडलेल्या पद्धतीत नोरिट कोळसा मुद्दाम याच कामासाठी वापरला आहे. म्हणून नियम असा: रंग काढू नका, बघण्याची रीत बदला.

बघण्याची सर्वांत स्वस्त रीत म्हणजे पातळ करणे. 20 मिलिलिटर रस मलमलीतून गाळून 100 मिलिलिटरपर्यंत पाणी घातले की रंग पाचपट फिका होतो, जीवनसत्त्व मात्र फ्लास्कमध्ये तेवढेच राहते. शेजारी तसाच दुसरा फ्लास्क ठेवा, त्यात सगळे घाला पण स्टार्च नको. दोन्ही पांढऱ्या टाइलवर ठेवा आणि टायट्रेशन करताना दोन्हींत सारखेच आयोडीन सोडा. डोळा एकट्या रंगाला नीट पारखत नाही, दोन रंगांतला फरक मात्र पटकन पकडतो. फिक्या रसांना एवढेच पुरते.

गडद रसासाठी रंगद्रव्याच्या स्वभावाचा फायदा घेता येतो. डाळिंब, जांभूळ आणि कोकम यांचा तांबडा रंग अँथोसायनिनांचा आहे. ती पीएच 1 ते 3 मध्ये लालभडक असतात आणि पीएच 4.5 च्या आसपास बरीचशी बिनरंगी रूपात जातात. अँथोसायनिन मोजण्याची प्रमाण पद्धतही पीएच 1 आणि 4.5 मधल्या याच फरकावर चालते. तेव्हा फ्लास्कमध्ये सोडियम अॅसिटेट आणि अॅसेटिक आम्लाचे बफर घालायचे, पीएच कागदाने 4.5 आल्याची खात्री करायची आणि रंग उतरायला दोन-तीन मिनिटे द्यायची. रसातून काहीच काढलेले नाही. आम्ल घातले की रंग परत येतो. मात्र पीएच वाढला की हवेने होणारे ऑक्सिडीकरणही वाढते, त्यामुळे पुढचे काम रेंगाळत करू नये. बीटाचा रंग, जुन्या आगळातली एकमेकांत जुळून मोठी झालेली रंगद्रव्ये आणि कृत्रिम लाल रंग या युक्तीला दाद देत नाहीत. पीएच 4.5 ला आणूनही रस लालच राहिला, तर त्या लालीत ताजे अँथोसायनिन फारसे नाही हे समजावे.

अशा रसांसाठी डोळा बाजूला ठेवून प्लॅटिनमच्या तारेवर विसंबावे. रसात प्लॅटिनमची तार आणि एक संदर्भ इलेक्ट्रोड बुडवून दर थेंबामागे मिलिव्होल्ट लिहीत जायचे. जीवनसत्त्व संपेपर्यंत आकडा हळूहळू चढतो, संपताच एकदम उडी मारतो. पीएच मीटरच्या मिलिव्होल्ट बाजूवर हे सहज होते आणि रस काळा शाईसारखा असला तरी फरक पडत नाही.

आता तो दादरचा ग्लास. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. आयोडीन त्याच दिवशी शुद्ध अॅस्कॉर्बिक आम्लावर तपासले: 10 मिलिग्रॅमला 11.4 मिलिलिटर लागले, म्हणजे एका मिलिलिटरला 0.877 मिलिग्रॅम. मग 20 मिलिलिटर रसावर पातळ न करता सरळ स्टार्च घालून तीन वाचने घेतली: 8.6, 9.3 आणि 8.9. यांच्यात 0.7 मिलिलिटरची तफावत आहे, म्हणजे 100 मिलिलिटर रसामागे सुमारे 3 मिलिग्रॅम. हा गोंधळ डोळ्याचा आहे. पीएच 4.5 ला, पातळ करून आणि जोडीचा फ्लास्क ठेवून तीच वाचने 8.5, 8.5 आणि 8.6 आली. सरासरी 8.53 ला 0.877 ने गुणले की 7.48 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलिलिटरमध्ये 37 मिलिग्रॅम. निळा रंग 20-30 सेकंद टिकला की थांबावे. त्यानंतर तो हळूहळू उतरेल, कारण रसातले पॉलिफेनॉल संथपणे आयोडीन खात राहतात. त्यांच्या मागे लागून थेंब सोडत राहिलात तर आकडा फुगतो.

वाचने एकमेकांशी जुळली म्हणजे काम संपले असे वाटते. आणखी खात्री म्हणून विद्यार्थी रसात 5 मिलिग्रॅम शुद्ध अॅस्कॉर्बिक आम्ल टाकतात आणि 5.7 मिलिलिटर जास्त लागले की समाधान मानतात. पण ही परीक्षा फक्त पहिल्या प्रश्नाची आहे. अंतिम बिंदू बरोबर दिसला, एवढेच तिने सिद्ध होते. रसात आयोडीन खाणारे दुसरे काही असेल, तर ते दोन्ही वाचनांत सारखेच बसते आणि वजाबाकीत गुपचूप निघून जाते.

ते दुसरे काही बाटलीबंद सरबतांत हमखास भेटते. स्क्वॅश टिकावा म्हणून पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात, त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि तो आयोडीनशी एकास एक क्रिया करतो. लिटरला 350 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड असेल आणि तो सगळा मोकळा असेल, तर आयोडीनला तो 100 मिलिलिटरमागे 96 मिलिग्रॅम क जीवनसत्त्वासारखा दिसतो. म्हणजे ज्या बाटलीत जीवनसत्त्वाचा कणही नाही, ती मोसंबीच्या रसापेक्षा पौष्टिक ठरू शकते! यावर उपाय म्हणजे टायट्रेशनआधी रसात थोडे फॉर्माल्डिहाइड घालून काही मिनिटे थांबणे. ते सल्फाइटला बांधून ठेवते. फॉर्माल्डिहाइड घालून आणि न घालता घेतलेल्या वाचनांत मोठा फरक पडला, तर तो फरक संरक्षकाचा.

ताज्या रसात सल्फाइट नसते, पण टॅनिन आणि इतर पॉलिफेनॉल असतात. त्यांच्यासाठी या पुस्तिकेतला सर्वांत जवळचा अभिकर्मक मंडईत मिळतो: काकडी. काकडी-भोपळ्याच्या कुळात अॅस्कॉर्बेट ऑक्सिडेज नावाचे विकर भरपूर असते. हवेतल्या ऑक्सिजनच्या साह्याने ते अॅस्कॉर्बिक आम्लच नेमके संपवते. फळाच्या रसाचे दोन समान भाग घ्या आणि दोन्हींचा पीएच बफरने 5.6 च्या जवळ आणा. एकात ताजा काकडीचा रस घाला, दुसऱ्यात तितकाच पण उकळून गार केलेला, कारण उकळल्यावर विकर मरते. दोन्ही अर्धा तास अधूनमधून हलवत ठेवा, मग पीएच 4.5 ला आणून टायट्रेट करा. वाचनांतला फरक म्हणजे क जीवनसत्त्व; ताज्या काकडीच्या फ्लास्कने तरीही जे आयोडीन मागितले, ते इतरांचे. काकडीगणिक ताकद वेगळी असते, म्हणून आधी शुद्ध अॅस्कॉर्बिक आम्लावर ती तपासून घ्यावी. काकडीतली इतर विकरे काही पॉलिफेनॉलही खातात, त्यामुळे फरक किंचित जास्त येऊ शकतो, हे मनात ठेवावे.

एक मर्यादा मात्र कुठल्याच युक्तीने ओलांडता येत नाही. क जीवनसत्त्वाच्या दोन रूपांपैकी आयोडीनला फक्त अॅस्कॉर्बिक आम्ल दिसते. त्याचे डिहायड्रो रूप शरीराला जीवनसत्त्व म्हणून उपयोगी पडते, पण आयोडीनला ते इलेक्ट्रॉन देऊ शकत नाही. काढून ठेवलेल्या रसात हे रूप वाढते, म्हणून त्याचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. एकूण क जीवनसत्त्व हवे असेल तर वेगळी पद्धत लागते, आणि अहवालात कोणते मोजले ते स्पष्ट लिहावे लागते.

कमला सोहोनी पुढे मुंबईतल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कामात उतरल्या आणि 1982-83 मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या. प्रयोगशाळेतला आकडा ग्राहकापर्यंत जातो तेव्हा त्याच्यामागचा दुसरा प्रश्न कुणीतरी विचारलेला असावा लागतो. म्हणून पुढच्या पानांत प्रयोगांचा क्रम असा ठेवला आहे: आधी मोसंबी, जिथे दोन्ही प्रश्न सोपे आहेत, मग डाळिंब, जिथे पहिला अवघड होतो, मग स्क्वॅशची बाटली, जिथे दुसरा. जांभूळ आणि कोकम शेवटी येतात, कारण तिथे दोन्ही प्रश्न एकाच फ्लास्कमध्ये भेटतात. प्रत्येक प्रयोगाच्या वहीत दोन रकाने आखावेत, एक अंतिम बिंदूच्या खात्रीचा आणि दुसरा पदार्थाच्या ओळखीचा. दुसरा रकाना रिकामा असेल तर आकड्यापुढे ‘क जीवनसत्त्व’ असे न लिहिता ‘आयोडीनशी क्रिया करणारे घटक, अॅस्कॉर्बिक आम्लाच्या हिशेबाने’ असे लिहावे.