ऑर्डर राउटिंग : पूर्ण साठ्याच्या निकटतम गोदामाची निवड

ऑनलाइन आलेली प्रत्येक मागणी, तीत मागितलेले सर्व जिन्नस ज्यांच्यापाशी पुरेशा संख्येने शिल्लक आहेत अशा गोदामांपैकी ग्राहकाला सर्वांत जवळच्या गोदामाकडे रवानगीसाठी सोपविणे, ही ऑर्डर राउटिंगची सर्वांत प्रचलित आणि समजण्यास सोपी अशी पद्धती होय. तीत दोन अटी एकामागून एक लावल्या जातात : पहिली पूर्णतेची व दुसरी निकटतेची. हा क्रम उलटा केला, म्हणजे जवळचे गोदाम आधी ठरवून मग त्यात माल शोधला, तर मागणीचा एक तुकडा तेथून व दुसरा अन्य ठिकाणाहून पाठविण्याची पाळी येते, आणि एका पार्सलाच्या जागी दोन पार्सलांचा वाहतूकखर्च व्यापाऱ्याच्या माथी बसतो.

या पद्धतीची खरी परीक्षा रत्नागिरीसारख्या शहराच्या बाबतीत होते. मोठ्या ऑनलाइन व्यापाराची गोदामे भिवंडी, पुणे अशा घाऊक पेठांच्या भोवती एकवटलेली असल्यामुळे रत्नागिरीचा माल एकतर मुंबई–गोवा महामार्गाने उत्तरेकडून येतो, नाहीतर सह्याद्रीचा एखादा घाट उतरून देशावरून येतो. आणि नकाशावर जे जवळ दिसते ते रस्त्याने जवळ असेलच, याची शाश्वती कोकणपट्टीत कोणी देऊ शकत नाही.

पूर्णतेची कसोटी. समजा, एका व्यापाऱ्याची कोल्हापूर, पुणे व भिवंडी अशी तीन गोदामे आहेत, आणि रत्नागिरी शहरातील, म्हणजे ४१५६१२ या पिनकोडातील, एका कुटुंबाने एक मिक्सर, एक प्रेशर कुकर आणि चार स्टीलचे डबे मागविले आहेत. कोल्हापूरच्या गोदामात मिक्सर ३, कुकर १० आणि डबे ४० आहेत, असे शिलकेची नोंदवही सांगते, आणि घाईने पाहणारा तेथेच थांबून मागणी कोल्हापूरला लावून मोकळा होईल. परंतु ते तिन्ही मिक्सर आदल्या मागण्यांसाठी राखून ठेवलेले असून केवळ उचलले जावयाचे राहिले आहेत. विचारात घ्यावयाची ती मांडणीवर दिसणारी संख्या नव्हे, तर तीतून राखीव संख्या वजा केल्यावर उरणारी उपलब्ध शिल्लक; आणि मिक्सरची ही शिल्लक कोल्हापुरात शून्य आहे. कुकर व डबे मुबलक असूनही एका जिन्नसापायी हे गोदाम सबंध बाद होते. पुण्यास मिक्सर १२ पैकी ५ राखीव, कुकर ६ पैकी ५ राखीव व डबे पुरेसे आहेत, म्हणजे कुकर नेमका एकच उरला असला तरी मागणी पूर्ण होते; भिवंडीस तर सर्वच भरपूर आहे. निकटतेच्या परीक्षेस पुणे व भिवंडी ही दोनच गोदामे बसतात.

माहितीसाठ्याला हाच प्रश्न पुढील रीतीने विचारतात :

```sql
SELECT s.warehouse_id
FROM order_items o
JOIN stock s ON s.sku = o.sku
  AND s.on_hand - s.reserved >= o.qty
WHERE o.order_id = 5012
GROUP BY s.warehouse_id
HAVING COUNT(*) = (SELECT COUNT(*) FROM order_items
                   WHERE order_id = 5012);
```

प्रत्येक गोदामात मागणीच्या किती ओळी पुऱ्या पडतात ते मोजावयाचे आणि ही गणना मागणीतील एकूण ओळींइतकी भरली तरच ते गोदाम पात्र मानावयाचे, एवढाच याचा अर्थ. मात्र यात एक छिद्र आहे. तोच जिन्नस मागणीत दोन ओळींवर आला, म्हणजे एकीवर दोन डबे व दुसरीवर तीन डबे असे पडले, तर गोदामात तीनच डबे असूनही दोन्ही ओळी आपापल्या जागी उत्तीर्ण होतात आणि पाच डब्यांची मागणी त्या गोदामाच्या गळ्यात पडते. यासाठी मागणीतील एकसारख्या जिन्नसांची बेरीज आधी करून मगच कसोटी लावावी लागते. ही चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते, कारण भरलेल्या गोदामात ती कधीच जाणवत नाही. साठा तळाला लागला, म्हणजे सणासुदीच्या ऐन गर्दीत, ती उघडी पडते.

निकटता कशाने मोजावी. सर्वांत सोपे माप सरळ रेषेतील अंतराचे. अक्षांश-रेखांशांवरून पृथ्वीच्या गोलाईचा हिशेब धरून ते क्षणार्धात निघते : रत्नागिरीपासून कोल्हापूर सुमारे १०५, पुणे सुमारे १८० आणि भिवंडी सुमारे २५५ किलोमीटर. या गणितात नवख्याच्या हातून वारंवार होणारा प्रमाद म्हणजे अक्षांश व रेखांश यांची अदलाबदल. रत्नागिरी १७ अक्षांश व ७३.३ रेखांश यांच्या आसपास आहे. हे आकडे उलटे घातले की ती नॉर्वेच्या उत्तरेच्या समुद्रात जाऊन पडते आणि महाराष्ट्रातील यच्चयावत गोदामे तिच्यापासून सुमारे सात हजार किलोमीटर दूर दिसू लागतात. तरीही कोणते ना कोणते गोदाम ‘सर्वांत जवळचे’ ठरतेच, म्हणून यंत्र तक्रार करीत नाही. निवडलेल्या गोदामाचे अंतर प्रत्येक मागणीबरोबर नोंदवून ठेवले, तरच असा दोष पहिल्या दिवशी नजरेस येतो.

परंतु सरळ रेषा सह्याद्रीला ओळखत नाही. रस्त्याने पाहता कोल्हापूर आंबा घाटाने सुमारे १३० किलोमीटर आहे. पुण्याचा १८० चा आकडा मात्र तीनशेच्या आसपास जातो, कारण कोणत्याही वाटेने आले तरी घाट उतरण्यासाठी वळसा घ्यावाच लागतो. आणि भिवंडी पनवेलवरून महामार्ग धरून साडेतीनशेच्या आतबाहेर राहते. रेषेवर पुणे भिवंडीपेक्षा ७५ किलोमीटरांनी जवळ होते, ते रस्त्यावर जेमतेम चाळीस-पन्नासांनी जवळ राहिले. शिवाय कुरिअरची गाडी गोदामातून थेट ग्राहकाच्या दारी क्वचितच येते. माल आधी वर्गीकरण केंद्रात जातो, आणि ते केंद्र कोठे आहे यावरच पोहोचण्याचे दिवस ठरतात. तेव्हा शेवटी खरे माप किलोमीटरांचे नसून दिवसांचे असते. वरील मागणी पुण्यास लावणे रास्त आहे, परंतु भिवंडीहून तेवढ्याच दिवसांत पोहोचणारी वाहतूक मिळत असेल, तर पुण्यातला शेवटचा कुकर खर्ची घालण्याचे कारण उरत नाही.

दिवसांचा हा तक्ता पिनकोडवार तयार करतात, आणि येथे पिनकोडाची रचना ध्यानी ठेवावी लागते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे रत्नागिरी जिल्ह्यातलेच. ते डाक खात्यातील अधिकारी होते. त्यांनी सहा अंक आखले ते पत्रांचे वर्गीकरण सुकर व्हावे म्हणून. दोन गावांतील अंतर त्या अंकांवरून काढता यावे, हा त्यांचा हेतूच नव्हता. कऱ्हाड ४१५११० आणि चिपळूण ४१५६०५, यांचे पहिले तीन अंक एक, पण मध्ये कुंभार्ली घाट उभा; उलट रत्नागिरी ४१५६१२ व त्याच जिल्ह्यातील लांजे ४१६७०१ यांचे तिसऱ्या अंकापाशीच फाटते, कारण लांज्याचे पहिले तीन अंक कोल्हापुराशी जुळतात. तक्त्याचा पसारा आटोक्यात राहावा म्हणून बहुतेक ठिकाणी पहिले तीनच अंक घेऊन काम भागविण्याचा मोह होतो. तसे केल्यास ‘४१५’ या एकाच ओळीत सातारा व रत्नागिरी येतात आणि साताऱ्याला लागणारे दिवस रत्नागिरीच्या ग्राहकाला कबूल केले जातात. कोकणासाठी सहाही अंकांचा तक्ता करण्याची मेहनत टाळू नये, असे या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

तक्ता ऋतूप्रमाणे बदलताही आला पाहिजे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत चिपळूण पाण्याखाली गेले, आंबा घाटात रस्ता खचला व दरडी कोसळल्या, आणि अवजड वाहनांना तो घाट दीर्घ काळ बंद राहिला. अशा वेळी कोल्हापूर हे कागदावर निकटतम असले तरी तेथून निघालेला माल वाटेत अडकतो. यासाठी प्रत्येक गोदाम व प्रत्येक पिनकोड यांच्या जोडीला ‘चालू’ वा ‘बंद’ अशी खूण असावी, ती फिरविण्याचा अधिकार वाहतूक पाहणाऱ्या माणसाकडे असावा, आणि खुणेबरोबर ती पुन्हा तपासण्याची तारीख सक्तीने लिहिली जावी. एरवी घाट खुला होऊन गेला तरी खूण तशीच राहते आणि रत्नागिरीचा माल विनाकारण भिवंडीहून येत राहतो.

राखून ठेवणे. गोदाम निवडणे आणि त्यातील माल राखून ठेवणे या दोहोंमध्ये क्षणाचेही अंतर पडले, तर त्या क्षणात दुसरी मागणी घुसते. पुण्यातील तो एकुलता कुकर रत्नागिरी व बारामती येथील दोघा ग्राहकांना एकाच वेळी उपलब्ध दिसू शकतो. यावर उपाय असा की, राखून ठेवतानाच अट पुन्हा तपासावी :

```sql
UPDATE stock SET reserved = reserved + 1
WHERE warehouse_id = 'PUNE' AND sku = 'COOKER-5L'
  AND on_hand - reserved >= 1;
```

या हुकुमाने एकही ओळ बदलली नाही, तर कुकर दुसऱ्याने नेला असे समजून, त्या मागणीसाठी आतापर्यंत राखलेले मिक्सर व डबे मोकळे करावेत आणि पुढच्या गोदामाकडे, येथे भिवंडीकडे, वळावे. मागणीतील सर्व जिन्नस एकाच व्यवहारात, म्हणजे सगळे मिळतील तर सगळे, नाहीतर काहीच नाही, अशा रीतीने राखले गेले पाहिजेत.

रद्द झालेल्या मागणीची राखीव संख्या मोकळी करावयाची राहून जाणे, हा याच्या उलट दिशेचा दोष. त्याने गोदामात माल असतो, पण पद्धतीच्या लेखी तो नसतो. कोल्हापूरचे गोदाम भरलेले असूनही रत्नागिरीच्या मागण्या एकाएकी पुण्याकडे जाऊ लागल्या, तर आधी हीच शंका घ्यावी. प्रत्येक जिन्नसाची राखीव संख्या आणि न पाठविलेल्या मागण्यांतील त्याची बेरीज यांची रोज रात्री रुजवात घातली, की तफावत सापडते.

एकही गोदाम पात्र नसेल तेव्हा. अशा वेळी तीन वाटा असतात : मागणी फोडणे, एका गोदामातून दुसऱ्यात माल हलवून मग एकत्र पाठविणे, किंवा नवा साठा येईतो थांबणे. फोडावयाचीच असेल तर कमीत कमी तुकडे पडतील अशी गोदामांची जोडी शोधावी आणि अंतराचा विचार त्यानंतर करावा, कारण दुसरे पार्सल म्हणजे दुसरी पेटी, दुसरी पावती व दारापर्यंतची दुसरी फेरी. एक गोदाम पन्नास किलोमीटरांनी जवळ आहे, यातून होणारी बचत त्यापुढे फार थोडी असते. शू, ॲलगॉर व ग्रेव्हज यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक उपयुक्त गोष्ट दाखवून दिली : मागणी येताच गोदाम ठरवावेच लागते, पण माल प्रत्यक्ष उचलला जाईपर्यंत मध्ये काही अवधी जातो, आणि त्या अवधीत साचलेल्या मागण्या एकत्र घेऊन त्यांच्या नेमणुका पुन्हा तपासल्या, तर पार्सलांची संख्या घटते. वरील उदाहरणात, सायंकाळपर्यंत कोल्हापूरच्या तीन राखीव मिक्सरांपैकी एखाद्याची मागणी रद्द झाली आणि पुण्याने अद्याप माल उचललेला नसला, तर रत्नागिरीची मागणी कोल्हापूरला फिरविता येते. पुण्यातला कुकर सुटतो, आणि पार्सल आंबा घाटाने येते.