क्लिक महाग का होतो? : जाहिरातीच्या तीन आकड्यांची प्रस्तावना

वसई-विरारमध्ये दुकान, क्लास किंवा दवाखाना उघडणाऱ्याची पहिली जाहिरात आजही बऱ्याचदा पेपरात टाकलेल्या पत्रकाची असते. पत्रके छापून वृत्तपत्र विक्रेत्याकडे द्यायची, तो हजारामागे अमुक रुपये सांगतो, आणि पहाटे ती पेपरांच्या घडीत जातात. किती जणांनी पत्रक वाचले आणि किती जणांनी तसेच रद्दीत टाकले, हे विक्रेत्याला ठाऊक नसते आणि त्याने ते सांगावे अशी कुणाची अपेक्षाही नसते. मोबाइलवरच्या जाहिरातीचा पहिला आकडा, सीपीएम, हा असाच हजारी भाव आहे. जाहिरात हजार वेळा दाखवण्याला पडलेला खर्च म्हणजे सीपीएम. फरक एवढाच की इथे पत्रक उघडून पाहणाऱ्यांचीही मोजदाद होते, आणि त्या मोजणीतून बाकीचे दोन आकडे जन्माला येतात.

त्यातला पहिला सीटीआर. दाखवलेल्या दर शंभर वेळांपैकी किती वेळा कुणीतरी जाहिरातीवर बोट ठेवले, त्याची ही टक्केवारी. दुसरा सीपीसी, म्हणजे एका क्लिकला सरासरी किती पैसे पडले. या क्षेत्रात नवा आलेला माणूस तिन्ही आकडे वेगवेगळे वाचतो आणि त्यातल्या सीपीसीवर नजर खिळवून बसतो, कारण तो रुपयांत असतो आणि पटकन समजतो. पण तिघांपैकी कोणतेही दोन कळले की तिसरा आपोआप ठरतो. ते नाते असे आहे :

```
CPM = 10 × CPC × CTR (टक्क्यांत)
```

हजार वेळा जाहिरात दाखवली आणि सीटीआर १ टक्का असला, तर १० क्लिक मिळतात. प्रत्येक क्लिक ६ रुपयांना पडला, तर हजार वेळांचे ६० रुपये झाले. सूत्रातला दहाचा आकडा हजार आणि शंभर यांच्या भागाकारातून आला आहे, त्यात आणखी काही गूढ नाही. या पुस्तिकेतले पुढचे सगळे विवेचन या एका ओळीवर उभे आहे.

ही ओळ व्यवहारात कुठे लागते, ते एका कल्पित पण ओळखीच्या उदाहरणाने पाहू. राजोडीच्या किनाऱ्याजवळ एक छोटे रिसॉर्ट आहे. गिऱ्हाईक मुंबईचे, बोरिवली-अंधेरीकडून शनिवार-रविवारी येणारे. मार्चमध्ये मालकाला एक क्लिक ५ रुपयांना पडत होता, मे महिन्यात तो १० रुपयांना पडू लागला. मालक म्हणतो, "जाहिरात महाग झाली, बंद करा." पण क्लिक दुप्पट महाग व्हायला दोन अगदी वेगळी कारणे असू शकतात. मार्चमध्ये सीपीएम ६० रुपये होता आणि सीटीआर १.२ टक्के. मेमध्ये सीपीएम १२० झाला आणि सीटीआर १.२ टक्केच राहिला, तर जाहिरातीत काही बिघडलेले नाही. शाळांना सुट्या लागल्यावर अर्नाळ्यापासून केळव्यापर्यंतची, शिवाय अलिबाग-कर्जतची रिसॉर्टे एकाच मुंबईकराच्या मोबाइलवरच्या जागेसाठी बोली लावतात आणि जागेचा भाव चढतो. अशा वेळी जाहिरातीचे चित्र बदलत बसण्यात अर्थ नाही. वाढलेला खर्च खोलीच्या सुट्टीतल्या भाड्यातून निघतो का, एवढाच हिशेब करायचा. निघत नसेल तर जाहिरात गर्दीच्या आठवड्यांआधी चालवायची.

आता दुसरी शक्यता. सीपीएम ६० रुपयांवरच आहे, पण सीटीआर १.२ वरून ०.६ टक्क्यांवर उतरला आहे. क्लिक तरीही १० रुपयांनाच पडतो, मात्र जागेचा भाव वाढलेला नाही; लोकांनी जाहिरातीकडे पाहणे सोडले आहे. बहुधा तीच तीच माणसे तेच चित्र पुन्हा पुन्हा पाहत असतात. अहवालात 'Frequency' नावाचा आकडा असतो. एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली, ते तो सांगतो. तो चढत असेल आणि सीटीआर उतरत असेल, तर चित्र, मजकूर किंवा प्रेक्षक बदलायची वेळ झाली आहे. फक्त वसई-विरारमध्येच दाखवायच्या जाहिरातीत हे फार लवकर घडते. २०११च्या जनगणनेत महापालिका हद्दीची लोकसंख्या १२ लाखांवर होती, पण त्यातून वय, आवड आणि भाषा यांची चाळण लावली की उरलेला गट बराच लहान होतो. नालासोपाऱ्यातल्या दहावीच्या क्लासची जाहिरात त्याच पालकांपुढे दिवसातून अनेकदा येऊ लागते.

सीटीआरचा परिणाम एवढ्यावर थांबत नाही. तो जागेचा भावही ठरवतो. त्याचे मूळ थोड्या इतिहासात आहे. इंटरनेटवरची एक सुरुवातीची पट्टीवजा जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' या अमेरिकी संकेतस्थळावर झळकली, आणि तेव्हा जागा छापील नियतकालिकासारखीच विकली जात होती. १९९८ मध्ये 'गोटू' या शोधयंत्राने क्लिकमागे बोली लावण्याची पद्धत आणली : जो जास्त बोली लावेल तो वर. त्यात एक उणीव होती. मोठी बोली लावणाऱ्याच्या जाहिरातीवर कुणी क्लिकच केले नाही, तर वरची जागा अडून राहते आणि यंत्राच्या पदरात काहीच पडत नाही. गूगलची जाहिरातसेवा २००० साली हजारी दराने सुरू झाली. २००२ मध्ये ती क्लिकच्या बोलीवर आली, तेव्हा गूगलने बोली आणि सीटीआर यांच्या गुणाकारावर जाहिरातींचा क्रम लावला. लिलाव क्लिकचा दिसत असला, तरी आतला हिशेब पुन्हा हजारी भावाचाच झाला.

हे आपल्या रिसॉर्टला लावून बघा. मालक एका क्लिकला ८ रुपयांपर्यंत द्यायला तयार आहे आणि त्याच्या जाहिरातीचा अंदाजित सीटीआर १.५ टक्के आहे. म्हणजे हजार वेळांना १२० रुपये. त्याच जागेसाठी एक बिल्डर क्लिकला २० रुपये देतो, पण त्याच्या जाहिरातीवर ०.४ टक्केच लोक क्लिक करतात. हजार वेळांना ८० रुपये. बोली अडीचपट असूनही बिल्डर हरतो. जिंकणाऱ्याने दुसऱ्याला मागे टाकण्यापुरतेच द्यायचे, असा लिलावाचा मूळ नियम धरला, तर रिसॉर्टला क्लिक ५ रुपये ३३ पैशांच्या आसपास पडतो. प्रत्यक्षात गूगल आणि मेटा या गुणाकारात जाहिरातीचा दर्जा, उघडणाऱ्या पानाचा अनुभव अशा गोष्टीही मिसळतात, त्यामुळे पैशापर्यंत असा हिशेब कुणाला मांडता येत नाही. दिशा मात्र हीच राहते. लोकांना पाहावीशी वाटणारी जाहिरात स्वस्तात दिसते. लहान व्यापाऱ्याला मोठ्याच्या पंगतीत बसवणारी याहून न्याय्य तरतूद या धंद्यात मला दिसत नाही.

मात्र इथेच नवखा माणूस फसतो. सीटीआर वाढवणे हेच ध्येय होऊन बसते. त्याच रिसॉर्टने दोन जाहिराती चालवल्या असे धरू. प्रत्येकीवर ३,००० रुपये, प्रत्येकीचा सीपीएम ६० रुपये, म्हणजे प्रत्येकी ५०,००० वेळा दाखवली गेली. पहिलीत स्पष्ट लिहिले होते : माणशी १,२०० रुपये, दोन जेवणांसह, विरार स्टेशनवरून रिक्षाने येता येते. दुसरीत समुद्राचे झगझगीत चित्र आणि 'ऑफर पाहण्यासाठी इथे दाबा' एवढेच. पहिलीला २५० क्लिक मिळाले : सीटीआर ०.५ टक्के, क्लिक १२ रुपयांना. दुसरीला ६०० क्लिक : सीटीआर १.२ टक्के, क्लिक ५ रुपयांना. अहवालात दुसरी सरस दिसते. पण पहिलीतून २० बुकिंग झाली आणि दुसरीतून ८. एका बुकिंगला पहिलीत १५० रुपये लागले, दुसरीत ३७५. भाव वाचून ज्यांना परवडणार नव्हते, ते पहिल्या जाहिरातीवर थांबलेच नाहीत, आणि त्यांच्या क्लिकचे पैसे वाचले. म्हणून तिन्ही आकड्यांपुढे बुकिंगमागचा खर्च हा चौथा रकाना स्वतःच्या वहीत ठेवावा लागतो. अहवालात तो आपोआप नेहमीच येत नाही, कारण अर्धी बुकिंग फोनवर होतात. आणि बुकिंग १० विरुद्ध ८ अशी असतील, तर निकाल लावायची घाई करू नये. एवढा फरक योगायोगानेही पडतो.

अहवाल वाचताना कोणता क्लिक मोजला आहे, तेही पाहावे. मेटाच्या अहवालात 'All' आणि 'Link' असे क्लिकचे वेगवेगळे रकाने असतात. पहिल्यात चित्र मोठे करून पाहणे, लाइक करणे, 'See more' दाबणे हे सगळे येते. दुसऱ्यात दुव्यावरचे क्लिक. पहिल्या रकान्याचा सीटीआर घेऊन दुसऱ्याचा सीपीसी त्याला जोडला, की वरचे सूत्र जुळत नाही.

तसेच जागेचे. वसई स्टेशनभोवती १० किलोमीटरचे वर्तुळ काढले, तर पश्चिमेला ते समुद्रात जाते आणि दक्षिणेला खाडी ओलांडून भाईंदरमध्ये शिरते. भाईंदरचा विद्यार्थी वसईच्या क्लासला रोज येणार नाही, पण त्याचा क्लिक मात्र हिशेबात येतो. अशा वेळी वर्तुळ सोडून पिनकोड किंवा शहराचे नाव निवडावे. गूगलमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी लागते. जागेचा पर्याय मुळात 'Presence or interest' असा असतो. त्यात वसईत नसलेले, पण वसईबद्दल शोध घेणारे लोकही येतात. वसईतल्या दंतवैद्याने तो बदलून 'Presence' करावा. राजोडीच्या रिसॉर्टला मात्र वसईबद्दल शोधणारा मुंबईकरच हवा असतो, त्याने तो बदलू नये.

शेवटी कराची गोष्ट. डिजिटल जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि अहवालातले सीपीएम-सीपीसी करापूर्वीचे असतात. ज्याची जीएसटी नोंदणी नाही, त्याला हा कर परत मिळत नाही. त्याचा ५ रुपयांचा क्लिक प्रत्यक्षात ५ रुपये ९० पैशांचा असतो.

पुढचे प्रकरण उघडण्याआधी वाचकाने आपल्या गेल्या महिन्याच्या जाहिरातीचा अहवाल समोर घ्यावा, त्यातला सीपीसी सीटीआरने गुणावा आणि आलेला आकडा दहापट करावा. तो सीपीएमशी जुळला, तर पुढे वाचावे. जुळला नाही, तर आधी क्लिकचा रकाना तपासावा.