मेडिक्लेमच्या फाइलमधून

२०१५ साली पुण्यातल्या एका औषध कंपनीतल्या कामगार महिलेने मेडिक्लेमसाठी उपचाराची कागदपत्रं ऑफिसात दिली. त्यातून तिला एचआयव्ही असल्याचं कंपनीला कळलं आणि तिच्याकडून राजीनामा लिहून घेतला गेला. ऑक्टोबर २०१८मध्ये पुण्याच्या कामगार न्यायालयाने तिला मागच्या पगारासह कामावर परत घ्यायला सांगितलं.

एचआयव्ही असूनही नोकरीवर राहण्याच्या हक्काची सुरुवात शोधायला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागतं. याच न्यायालयाने १९८९मध्ये, गोव्यात एचआयव्ही असलेल्या डॉमिनिक डिसोझा यांना सक्तीने वेगळं ठेवणारा कायदा वैध ठरवला होता. १९९७मध्ये मात्र एक हंगामी कामगार तिथे आला. एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून एका सार्वजनिक कंपनीने त्याला काम देणं बंद केलं होतं. अंगात काम करण्याची ताकद शाबूत होती. न्यायालयाने दोनच गोष्टी तपासल्या: हा माणूस आज हे काम करू शकतो का, आणि त्याच्या कामामुळे इतरांना संसर्गाचा मोठा धोका आहे का? त्याचं नाव हंगामी कामगारांच्या यादीत परत घालायला लावलं आणि बुडालेल्या कमाईपोटी ४०,००० रुपये द्यायला लावले. खटल्यात तो ‘एमएक्स’ आणि कंपनी ‘झेडवाय’ एवढीच नोंद राहिली. नाव उघड न करता दाद मागता येते, हेही तिथेच ठरलं.

तीच कसोटी पुढे २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात आली. तो १० सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. नोकरी देताना एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही आपली स्थिती सांगायला भाग पाडता येत नाही. कामावरून काढायचंच, तर स्वतंत्र तज्ज्ञाचा लेखी अहवाल हवा आणि सोयीचं काम देण्यात नेमकी काय अडचण आहे, हे मालकाने लिहून द्यायला हवं.

समजा, हडपसरच्या कारखान्यातला एक ऑपरेटर आजारी रजेनंतर परत आला. ‘मशीनवर उभं राहता येईल का? रात्रपाळी जमेल का? फिटनेस सर्टिफिकेट आणलंय का?’ हे मालकाने जरूर विचारावं. आजार कुठला, गोळ्या कसल्या, बायकोचीही तपासणी झाली का, हे विचारण्याचं त्याला कारण नाही.

माझ्या मते कायद्याची खरी पळवाट राजीनामा ही आहे. काढून टाकलं तर कागद द्यावे लागतात. राजीनामा घेतला की काहीच द्यावं लागत नाही. म्हणून फाइल दिल्याची तारीख आणि राजीनाम्याची तारीख शेजारी ठेवून पाहावी. दोन्हींत चारच दिवसांचं अंतर असेल, तर तो पुरावा जपून ठेवावा. क्लेमचे कागद शक्यतो एचआरमार्फत न देता थेट विमा कंपनीकडे पाठवावेत. शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. त्याच्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी.