तातू कोण होती?
(घरातल्या बोबड्या नावांचा इतिहास)

घोडनदीच्या काठी शिरूर आणि भीमेच्या काठी दौंड. या दोन गावांत वाटली गेलेली घराणी पुष्कळ आहेत. मूळ घर शिरूरला, आणि एखादा भाऊ रेल्वेच्या नोकरीनिमित्त दौंडास स्थायिक झालेला. अशा एका घराचे चित्र आम्ही आज कल्पनेने श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत. नावे आमची आहेत. परंतु घर आपल्यापैकी कोणाचेही असू शकेल.

या घरातली जुनी ट्रंक उघडली. तळाशी पत्रांचा जुडगा निघाला. एका पत्राच्या शेवटी लिहिले आहे, ‘ती. स्व. तातूस शि. सा. न.’ आजचा वाचणारा म्हणेल की तातू म्हणजे घरातले कोणी वडीलधारे गृहस्थ. तात्या म्हणतात तसे तातू. शिरसाष्टांग नमस्काराच्या मायन्यावरून बाई की पुरुष हे कळत नाही. आणि इथेच त्याची फसगत होते. तातू ही घरातली थोरली काकू होती. सासरचे तिचे नाव शकुंतला. मग ती तातू कशी झाली?

लहान मूल बोलू लागते तेव्हा सगळे वर्ण त्याला एकदम साधत नाहीत. ओठांवरचे प, ब, म आणि दातांजवळचे त, द, न हे लवकर येतात. क आणि ग यांचे स्थान घशाजवळ. ते न साधल्यामुळे पुष्कळ मुले काही काळ त्यांच्या जागी त आणि द म्हणतात. गाय ‘दाय’ होते, काका ‘ताता’ होतात. र, ळ, श हे तर याहूनही उशिरा येतात, आणि जोडाक्षरे मोडून सोपी केली जातात. ‘शकुंतलाकाकू’ एवढा लांब शब्द दीड वर्षाच्या मुलाने ऐकला, तर तो शेवटचा तुकडा पकडतो आणि त्यातल्या दोन्ही ‘क’ची ‘त’ करतो. काकूची तातू होते. यात गोंधळ कसलाच नाही. क जिथे येईल तिथे त, हा नियम ते मूल काटेकोरपणे पाळत असते.

मूल चुकीचे ऐकते म्हणून चुकीचे बोलते, असा एक समज आहे. तो खरा नव्हे. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन या अमेरिकन संशोधकांनी 1960 साली एका मुलाची हकीकत नोंदवली. तो आपल्या खेळण्यातल्या माशाला ‘फिश’ न म्हणता ‘फिस’ म्हणे. मोठ्या माणसाने ‘हा तुझा फिस का?’ असे विचारले, की तो रागावून ‘नाही, फिस!’ असे सांगे. मोठ्या माणसाने नीट ‘फिश’ म्हटले तेव्हाच त्याचे समाधान झाले. म्हणजे कानाला बरोबर कळत होते. जीभ तेवढी मागे होती. आमच्या शिरूरच्या बाळालाही ‘काकू’ हा शब्द पक्का ठाऊक होता. जीभ सुधारताच, तीन-चार वर्षांचा होईपर्यंत, तो आपोआप ‘काकू’ म्हणू लागला असता आणि तातू तिथेच संपली असती. बहुतेक बोबडे शब्द असेच संपतात.

मग तातू टिकली कशी? तिला टिकवली ती मोठ्यांनी. मूल चुकते आणि थोरले ती चूक उचलतात, हीच या नावांची खरी जन्मवेळ होय. आणि थोरले ती उचलतात ते निव्वळ कौतुकाने नव्हे. कौतुक चार दिवसांचे असते; गरज टिकते. मराठी घरात अशा नावाची मोठी गरज होती, असे आमचे म्हणणे आहे.

जुन्या घरात कोणी कोणाचे नाव घ्यायचे याला किती बंधने होती ते आठवावे. बायकोने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही. घ्यायचेच तर उखाण्यात. सुनेने सासूसासऱ्यांचे नाव उच्चारायचे नाही. नवराही चारचौघांत बायकोला नावाने हाक मारीत नसे. ‘अगं’ म्हणून भागवी. नातवाला आजोबांचे नाव ठेवले, तर सुनेला स्वतःच्या मुलालाही त्या नावाने हाक मारता येत नसे. म्हणून हाक मारायला दुसरे नाव लागे. लोकमान्य टिळकांचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. 1856 साली जन्मलेल्या त्या मुलाचे नाव घराण्यातल्या पूर्वजावरून केशव ठेवले होते. घरात मात्र बाळ म्हणत, आणि पुढे इतिहासात ‘बाळ गंगाधर’ हेच नाव गेले. हे नाव बोबडे नव्हे. परंतु हाकेचे नाव ठेवलेल्या नावाला कसे मागे टाकते ते यावरून दिसते.

बायकांची गोष्ट आणखी निराळी. माहेरचे नाव एक, लग्नात बदललेले सासरचे नाव दुसरे. आमची काकू माहेरी कृष्णा होती, सासरी शकुंतला झाली. सासरच्यांना कृष्णा माहीत नव्हती. शकुंतला हे नाव लग्नाच्या दिवशी तांदळात लिहिले गेले, आणि हाक मारायला कोणालाच ते सोयीचे नव्हते. जावेने तिला काय म्हणावे? दिराने काय म्हणावे? अशा वेळी मुलाचा ‘तातू’ हा शब्द आला. तो कोणाच्याच बंधनात बसत नव्हता. सासू बाळाला म्हणाली, ‘जा, तातूला बोलाव.’ दीर म्हणाला, ‘तातूने चहा केला का रे?’ मुलाच्या आडून सगळ्यांना हाक मारता आली. घरातल्या सर्वांत लहान माणसाने सर्वांची अडचण सोडवली.

तरीही एवढ्याने नाव पक्के होत नाही. पक्के झाले की नाही हे ओळखायची एक खूण आम्ही सांगतो, ती म्हणजे दुसरे मूल. पहिल्याच्या पाठीवर चार वर्षांनी बहीण झाली. तिला ‘क’ नीट साधल्यावरही ती ‘तातू’च म्हणते, कारण तिच्या लेखी ती चूक नव्हेच, काकूचे नावच तातू. ज्या दिवशी असे होते त्या दिवशी बोबडा शब्द नाव बनला असे समजावे. तिसरी पायरी शेजाऱ्यांची. वाण्याच्या वहीत ‘तातूबाई’ लिहिले गेले, की ते नाव घराबाहेर पडले.

आता सगळीच लाडकी नावे मुलांच्या तोंडून आलेली नसतात. मोठी माणसेही नावे छाटतात. परंतु त्यांची छाटणी निराळी असते. मोठा माणूस नावाचे डोके राखतो आणि शेपूट तोडतो. पांडुरंगाचा पांडू, यशोदेची येसू. इरावती कर्वे यांना त्यांची मुले ‘इरू’ म्हणत. 1953 साली ज्यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्या बाईंच्या स्वतःच्या घरात मुले आईला नावाने हाक मारीत, ही मौजेची गोष्ट आहे. पण ‘इरू’ हे छाटलेले नाव आहे, बोबडे नव्हे. शकुंतलेची मोठ्यांनी केली असती तर ‘शकू’ झाली असती. मूल मात्र बहुधा शेवट पकडते, वर्ण बदलते, आणि एकच अक्षर दोनदा म्हणते. नावाचे डोके शाबूत असेल तर नाव मोठ्यांचे; डोके गेलेले आणि वर्ण बदललेले असेल तर बहुधा मुलाचे.

ही परीक्षा एका जागी थांबते, हेही सांगितले पाहिजे. बाबा, दादा, नाना, मामा, काका हे आपले नात्याचे शब्दच मुळात दुहेरी अक्षरांचे. जगभर आईबापांसाठी असे शब्द का आढळतात, याचे कारण रोमान याकोबसन या भाषापंडिताने 1960 च्या सुमारास मुलांच्या पहिल्यावहिल्या उच्चारांत शोधले. त्यामुळे एखाद्या घरात कोणाला नाना म्हणत असतील तर तो मुलाचा शोध मानू नये. तो शब्द सर्वांच्या भाषेत आधीपासून तयार होता. पेशव्यांच्या घरी बाळाजी बाजीराव हे नानासाहेब, सदाशिवराव हे भाऊसाहेब, रघुनाथराव हे दादासाहेब. राघोबा नारायणरावांचे काका लागत, पण साऱ्या राज्याचे ते दादा. घरातली हाक दप्तरात कशी शिरते ते यात दिसते, बोबडेपणा नव्हे.

बोबडे नाव पार नोंदवहीपर्यंत गेल्याचे उदाहरण पाहायचे तर इंग्लंडकडे पाहावे. 1926 साली जन्मलेल्या राजकन्या एलिझाबेथ यांना लहानपणी स्वतःचे नाव म्हणता येत नसे. त्या ‘लिलिबेट’ म्हणत. घरच्यांनी ते उचलले आणि त्या राणी झाल्यावरही आप्तांत तेच चालले. 2021 साली त्यांच्या एका पणतीचे नाव रीतसर लिलिबेट ठेवण्यात आले. एका पिढीची चूक चौथ्या पिढीचे खरे नाव झाली.

आमच्या तातूचे तसे झाले नाही. दौंडच्या भावाची मुले तिला ‘मोठी आई’ म्हणत, आणि त्यांच्यातल्या धाकट्याने त्याचे ‘मोटाई’ केले. एकाच बाईला शिरूरला एक नाव आणि दौंडला दुसरे. दोन्ही घरांची पत्रे एकत्र ठेवली, तर वाचणाऱ्याला दोन माणसे दिसतात, आणि त्यातला एक पुरुष!

याचा चटका बसतो तो ती बाई गेल्यावर. पुतण्या त्र्यंबकेश्वरी विधीला बसतो. गुरुजी विचारतात, ‘काकूंचे नाव?’ तो गप्प होतो. आयुष्यभर तिच्या हातचे जेवला, पण तातू यापलीकडे नाव त्याच्या तोंडी कधी आलेच नव्हते. दौंडला फोन करावा तर तिकडून ‘मोटाई’ एवढेच कळते. वारसाची नोंद करताना चावडीवर पुन्हा तीच अडचण, कारण कागदावरची शकुंतला आणि माहेरच्या जमिनीवरची कृष्णा ही एकच बाई, हे सांगणारे माणूस उरलेले नसते. आपले जुने लेखनिक म्हणूनच दस्तात ‘ऊर्फ’ हा शब्द घालीत. त्या एका शब्दाने दोन नावांची गाठ मारली जाते.

तेव्हा घरात कुळाची वही असेल, तर तीत प्रत्येक वडीलधाऱ्या माणसापुढे एक ओळ लिहावी. माहेरचे किंवा जन्माचे नाव, सासरचे नाव, ऊर्फ घरातले नाव, आणि ते कोणत्या मुलाच्या तोंडून कधी निघाले ते साल. आमच्या वहीतली ओळ अशी होईल: ‘कृष्णा, सासरी शकुंतला, ऊर्फ तातू, दौंडास मोटाई.’ वहीत एवढे असले, म्हणजे ट्रंकेतले पत्र वाचणाऱ्याला तातू कोण हे कळेल आणि गुरुजींनी विचारल्यावर पुतण्याला उत्तर देता येईल.