पिसले, पण मिसळले नाहीत

पत्त्यांची जादू पाहून उठणारा माणूस हमखास म्हणतो, "हात काय झपाट्यानं चालतो! डोळ्यांना दिसतच नाही." समज जुना आहे, पण खोट्या पिसणीला तो लागू पडत नाही. ती संथपणे केली तरी बिघडत नाही, आणि घाई केली तर उलट संशय येतो.

आपण घरी रमीला बसतो तेव्हा पिसतो त्याच पद्धतीचे उदाहरण घेऊ. कॅट डाव्या हातात आडवी उभी आहे. उजव्या हाताने खालची साधारण २६ पाने काढली. त्यातले पहिले पान वरच्या अर्ध्यावर टाकताना ते जादूगाराच्या अंगाच्या बाजूने जेमतेम अर्धा सेंटिमीटर बाहेर ठेवले. उरलेली पाने नेहमीसारखी थोडी थोडी त्यावर सोडली. मग उजव्या अंगठ्याने ते बाहेर आलेले पान किंचित उचलून त्याखालचा सगळा गठ्ठा काढला आणि एकदम वर टाकला. मूळची वरची २६ पाने जशीच्या तशी वर आली. फक्त खालची अर्धी कॅट हलली. सगळी ५२ पाने जागच्या जागी राखायची तर दुसऱ्या युक्त्या लागतात, पण बहुतेक खेळांना वरची आठ-दहा पाने पुरतात. हे तंत्र अर्डनेस या टोपणनावाच्या लेखकाने १९०२ सालच्या पुस्तकात तपशिलाने मांडले आहे.

यात लपवायचे असे किती? एका पानाची कड, तीही हाताच्या आडोशाला. बाकी सगळे उघड्यावर घडते. मग प्रेक्षक फसतो कुठे? तो पानांचा क्रम पाहत नसतोच. पाने पालथी असतात. क्रम दिसणार कसा? तो ओळखीची हालचाल पाहतो, ओळखीची सळसळ ऐकतो आणि परिणाम स्वतःच गृहीत धरतो.

यावर कोणी म्हणेल, "मी रोज पिसतो, मला खरे-खोटे कळते." पण खरी पिसणीही आपण समजतो तितकी मिसळत नाही. दोन अर्धे एकमेकांत गुंतवून पिसले तरी कॅट पुरेशी मिसळायला सातेक वेळा पिसावे लागते, हे बायर आणि डायकोनिस यांनी १९९२मध्ये गणिताने दाखवले. हा डायकोनिस स्वतः जादूगार! आपली हातावरची पिसणी तर याहून फारच कमी मिसळते. कापण्याचे तर विचारूच नका: कॅट एकदा कापली काय किंवा दहादा, वर्तुळातला क्रम तोच राहतो. म्हणून जादूगार खुशाल प्रेक्षकालाच कापायला सांगतो, आणि खोटे कापणे त्याला लागते ते वरचे पान वरच ठेवायचे असेल तेव्हा.

कॅटचे चार-पाच तुकडे हवेत फिरवून कापणारे जादूगार मला म्हणूनच अनाडी वाटतात. एवढा थाट पाहिला की लोक हातांकडे बघू लागतात. पकडायचेच असेल तर शेवटचा गठ्ठा बघा: आधी पाने थोडी थोडी पडतात आणि मग अर्धी कॅट एकदम वर येते. त्याआधी अंगठा क्षणभर अडला, किंवा जादूगाराने स्वतःच हाताकडे पाहिले, तर तो नवशिका आहे.