शंभर मीटरची दोरी

घोडबंदर रस्त्यावर रेल्वे स्थानक नाही. माजिवड्यापासून कासारवडवलीपर्यंत भाजी, फळे, वडापाव, कपडे मांडून बसणाऱ्यांच्या स्थलांतराची बोलणी समजून घ्यायची, तर मला ही साधी गोष्ट आधी सांगावीशी वाटते. डोंबिवलीत वाद स्थानकापासूनच्या 150 मीटरचा असतो. इथे तो शाळा, मंदिर आणि रुग्णालयापासूनच्या 100 मीटरचा आहे.

ही मापे आली कुठून? 1985 मध्ये बॉम्बे हॉकर्स युनियन विरुद्ध मुंबई महापालिका या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेरीवाला क्षेत्रांच्या योजनेला मान्यता दिली. माणशी एक मीटर बाय एक मीटर जागा, स्टॉल नाही, टेबल नाही आणि प्रार्थनास्थळ, शाळा, रुग्णालय यांपासून 100 मीटर दूर. बाजारापासून 150 मीटरचे अंतरही त्यातच होते. रेल्वे स्थानक या यादीत 2003 च्या निकालाने आले. एल्फिन्स्टनच्या चेंगराचेंगरीनंतर 1 नोव्हेंबर 2017 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही बंधने पुन्हा बजावली.

आता दोरी घेऊन मोजू. रस्त्यालगत एक शाळा असेल, तर दोन्ही बाजूंना शंभर-शंभर धरून दोनशे मीटर रस्ता गेला. पुढे तीनशे मीटरवर रुग्णालय असेल, तर मधले जेमतेम शंभर मीटर उरतात. घोडबंदरच्या नव्या वसाहतींत शाळा आणि दवाखाने दाटीने उभे राहिले. म्हणजे ज्या गिऱ्हाइकासाठी विक्रेता आला, त्याच्याच सोयींनी विक्रेत्याची जागा खाल्ली.

2014 च्या पथविक्रेता कायद्याने क्रम ठरवला: आधी सर्वेक्षण, मग प्रमाणपत्र, तोवर कोणाला उठवायचे नाही. स्थलांतर करायचे तर 30 दिवसांची नोटीस. म्हणून संघटना बोलणीत पहिल्यांदा यादी मागते आणि पालिका पहिल्यांदा मोकळा रस्ता. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले सदस्य किमान 40 टक्के असावेत आणि अध्यक्ष आयुक्तच. वीसजणांची समिती धरली, तर विक्रेते आठ. मतदान झाले तर ते हरतात. त्यांचा खरा जोर सर्वेक्षणाच्या कागदावर असतो.

पन्नास वर्षे चाललेला नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जपण्याची सोय कायद्यात आहे. पण इथली वस्तीच त्याहून तरुण, त्यामुळे तो दाखला देता येत नाही.

30 ऑगस्ट 2021 रोजी कासारवडवलीत कारवाई करणाऱ्या ठाणे महापालिकेच्या सहाय्यक आयुक्तांवर एका फेरीवाल्याने चाकूने हल्ला केला. त्यांची बोटे तुटली. त्या हल्ल्याचे समर्थन होऊच शकत नाही. मात्र एकाच्या चाकूचा भार त्या रस्त्यावरच्या हरेक टोपलीवर टाकणेही मला पटत नाही. टोपलीवाल्या बाईचे नाव यादीत आहे की नाही, हा प्रश्न त्या घटनेच्या आधीही होता आणि नंतरही तोच राहतो. नाव नसेल, तर तिला द्यायची 30 दिवसांची नोटीस कोणाच्या नावे काढणार?